३१ मार्चला शून्य बॅलन्स असलेलं एमडींचं खातं: कलम १८५ आणि १९७ च्या ऑडिटचं एक प्रकरण

एमडी साहेबांच्या अ‍ॅडव्हान्स खात्यात ३१ मार्च २०२४ ला बॅलन्स शून्य होता, आणि बॅलन्स शून्य दिसला की ते लेजर टिक करून पुढे जायची सवय आपल्या फील्डमध्ये फार खोलवर आहे. मी पण कदाचित पुढे गेलो असतो, पण आमच्या आर्टिकल मुलीने खात्याचा महिन्यागणिक क्लोजिंग बॅलन्स काढून ठेवला होता आणि त्यात डिसेंबरअखेर १ कोटी १२ लाख दिसत होते. तिथून हे प्रकरण सुरू झालं. कंपनीचं नाव-गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

कंपनी पब्लिक लिमिटेड पण अनलिस्टेड. पेड-अप कॅपिटल ६ कोटी, टर्नओव्हर ८० कोटींच्या आसपास, बँकेचं कर्ज साधारण २२ कोटी, म्हणजे ऑडिट कमिटी किंवा नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी लागू होईल एवढी मोठी नाही. एकच मॅनेजिंग डायरेक्टर, बाकी सगळे नॉन-एक्झिक्युटिव्ह. एमडींच्या कुटुंबाकडे ६८ टक्के शेअर्स आणि उरलेले ३२ टक्के जुन्या डीलर लोकांच्या घराण्यांकडे. हे ३२ टक्के लक्षात ठेवा, शेवटी त्यांचंच मत कामी आलं.

आधी लोनचं बघू. एमडींच्या खात्यात एप्रिलपासून कधी ८ लाख, कधी १५ लाख असे डेबिट पडत गेलेले, नॅरेशन सगळीकडे एकच, "टुवर्ड्स अ‍ॅडव्हान्स". डिसेंबरला १ कोटी १२ लाख, जानेवारीत २७ लाख परत आले म्हणून ८५ लाख राहिले, आणि २८ मार्चला ते ८५ लाख एकरकमी जमा होऊन खातं शून्य. अकाउंट्स मॅनेजर म्हणाले, "साहेब, वर्षअखेर काहीच बाकी नाही ना, मग रिपोर्टिंग कशाचं?" हा गैरसमज इतका कॉमन आहे की त्यावर थोडं थांबतो. कंपनी कायद्याच्या कलम १८५(१) ची भाषा अशी आहे की कंपनीने डायरेक्टरला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे लोन द्यायचंच नाही, त्याने घेतलेल्या लोनला गॅरंटी किंवा सिक्युरिटी पण द्यायची नाही. म्हणजे भंग होतो तो पैसे दिले त्या दिवशी, ३१ मार्चच्या बॅलन्सशीटवर काय दिसतं याच्याशी त्याचा संबंध नाही, नंतर परत केले तरी दिलेलं दिलंच राहतं. ही बंदी डायरेक्टरच्या नातेवाइकांना, पार्टनरला, आणि डायरेक्टर किंवा नातेवाईक ज्या फर्ममध्ये पार्टनर आहेत त्या फर्मलाही लागते, आणि इथे स्पेशल रेझोल्युशन घेऊनही सुटका नाही. ऑडिट रिपोर्टबरोबर द्यायच्या कारो २०२० च्या क्लॉज (iv) मध्ये पण विचारलंय ते १८५ आणि १८६ चं पालन झालं का, वर्षअखेर बाकी किती हे नाही.

त्यामुळे डायरेक्टरांच्या खात्याचा वर्षातला सगळ्यात जास्त बॅलन्स काढायचा, आणि नुसत्या नावाच्या लेजरवर न थांबता स्टाफ अ‍ॅडव्हान्स, ट्रॅव्हलिंग अ‍ॅडव्हान्स, इम्प्रेस्ट, सस्पेन्स ही सगळी खाती उघडायची. अ‍ॅडव्हान्स खरंच कंपनीच्या कामासाठी असेल तर त्याचे हिशोब येतात, बिलं येतात, उरलेली रक्कम परत येते. इथे वर्षभरात एकही बिल त्या खात्यात गेलेलं नव्हतं. बिल नाही, मुदत नाही, व्याज नाही, आणि पैसे वापरतोय तो माणूस स्वतःसाठी, मग त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणा नाहीतर आणखी काही, ते लोनच.

एमडींचा पहिला बचाव होता कलम १८५(३) चा, की मी एमडी आहे, मला सर्व्हिस कंडिशनखाली लोन चालतं. बरोबर, चालतं, पण दोनच रस्ते आहेत. एक तर ती सवलत सगळ्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या सर्व्हिस कंडिशनचा भाग पाहिजे, नाहीतर सभासदांनी स्पेशल रेझोल्युशनने मंजूर केलेली स्कीम पाहिजे. आम्ही स्टाफ लोन पॉलिसी मागवली. तीन महिन्यांच्या पगाराएवढं लोन, बारा हप्त्यांत पगारातून वसुली, सगळ्यांना सारखंच. एमडींचा पगार महिना ६ लाख, म्हणजे त्या पॉलिसीत जास्तीत जास्त १८ लाख बसले असते आणि तेही हप्ते कापून. इथे हप्ता एकही नाही आणि रक्कम त्याच्या सहापट. स्कीमबद्दलचं स्पेशल रेझोल्युशन तर नव्हतंच. काही प्रायव्हेट कंपन्यांना २०१५ च्या नोटिफिकेशनने १८५ मधून अटींवर सूट आहे, तो कागदही त्यांच्या सल्लागाराने पुढे केला, पण ही कंपनी पब्लिक आहे म्हटल्यावर तो विषय तिथेच संपला.

आता २८ मार्चला आलेले ८५ लाख कुठून आले हा प्रश्न. वर्षअखेरीस क्लीन होणाऱ्या खात्यात पुढच्या वर्षाचे पहिले पंधरा दिवस बघायचेच, हे मला आमच्या पार्टनर सरांनी पहिल्या वर्षी शिकवलेलं. बँक स्टेटमेंट घेऊन बसलो. ४ एप्रिलला एमडींना ८५ लाख परत गेलेले. तेवढीच रक्कम, पैशापर्यंत तीच. मग मागे आलो, तर २७ मार्चला कंपनीतून एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ८५ लाख आरटीजीएसने गेलेले, कॅपिटल अ‍ॅडव्हान्स म्हणून, मशिनरीसाठी. आणि ६ एप्रिलला त्याच कंपनीकडून ८५ लाख परत, "ऑर्डर कॅन्सल". चारही तारखा एका कागदावर खाली खाली लिहिल्या आणि चक्र डोळ्यासमोर उभं राहिलं, २७ ला पैसे बाहेर, २८ ला एमडींमार्फत आत, ४ ला एमडींना बाहेर, ६ ला त्या कंपनीतून आत.

मशिनची परचेस ऑर्डर मागितली तर मिळाली, पण नंबर होता ४१२/अ. पूर्ण रजिस्टरमध्ये अ, ब लावलेली दुसरी एकही ऑर्डर नव्हती, ४१२ आणि ४१३ दोन्ही फेब्रुवारीतल्या, आणि मध्ये ही मार्चअखेरची घुसवलेली. कोटेशनवर मशिनचं मॉडेल नाही, डिलिव्हरीची तारीख नाही, बोर्डाचं कॅपेक्स अ‍ॅप्रूव्हल नाही. एमसीए पोर्टलवर त्या कंपनीचे डायरेक्टर बघितले तर आपले एमडी आणि त्यांची पत्नी, आणि फाइल केलेल्या अकाउंट्समध्ये मशिनरीचा धंदा कुठेच नाही. एमडी तिथे जून २०२३ मध्ये डायरेक्टर झाले, आणि त्यांनी दिलेला एमबीपी-१, म्हणजे डायरेक्टरने स्वतःचे हितसंबंध कळवायचा फॉर्म, एप्रिलचा, त्यामुळे त्यात हे नाव नव्हतं. बदल झाल्यानंतरच्या पहिल्या बोर्ड मीटिंगला तो सांगायला हवा होता, तो सांगितलाच नाही. म्हणून फक्त एमबीपी-१ वर विसंबून रिलेटेड पार्टीची यादी बनवू नका, प्रत्येक डायरेक्टरचा डीआयएन टाकून पोर्टलवरून यादी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

मधला दुवा एमडींच्या पर्सनल बँक खात्यात होता आणि ते स्टेटमेंट मागायचा आम्हाला थेट हक्क नाही. एमडींनी आधी नकार दिला. सरांनी शांतपणे सांगितलं, की पुरावा दिला नाहीत तर आम्ही आमच्याकडे आहे त्यावरून निष्कर्ष काढू आणि पुरावा मिळाला नाही हेही लिहू. दोन दिवसांनी एक पान आलं. २८ मार्चला सकाळी त्या कंपनीकडून ८५ लाख जमा, दुपारी आपल्या कंपनीला ८५ लाख गेले.

इथे सल्लागाराने आणखी एक पर्याय सुचवला, की हे एमडींना लोन न दाखवता त्या प्रायव्हेट कंपनीला लोन दाखवू, १८५(२) मध्ये ते बसतं. डायरेक्टरचा इंटरेस्ट असलेल्या कंपनीला लोन देता येतं हे खरंय, पण आधी स्पेशल रेझोल्युशन, एक्स्प्लनेटरी स्टेटमेंटमध्ये रक्कम आणि उद्देश उघड, आणि ते पैसे घेणाऱ्या कंपनीने स्वतःच्या मुख्य धंद्यातच वापरले पाहिजेत. इथे रेझोल्युशन नाही आणि पैसे दुसऱ्या दिवशी एमडींकडे. दोन्ही अटी पडल्या. शेवटी कंपनीने मान्य केलं की ३१ मार्चला कॅपिटल अ‍ॅडव्हान्स दाखवायचा नाही, एमडींकडून येणं ८५ लाख दाखवायचं, आणि शेड्यूल ३ मध्ये डायरेक्टरांच्या मागणीवर परत करायच्या लोनचं जे वेगळं डिस्क्लोजर आहे तिथेही आणायचं. परचेस ऑर्डर बनवून व्यवहाराचं रूप बदललं असल्यामुळे आम्ही ते फ्रॉड म्हणून कलम १४३(१२) खाली बोर्डाला दोन दिवसांत लेखी कळवलं, रक्कम १ कोटीच्या खाली असल्याने तो मार्ग लागला, आणि कारोच्या क्लॉज (xi) मध्येही लिहिलं. यावर आमच्या ऑफिसमध्ये एक पूर्ण संध्याकाळ चर्चा झाली, काहींचं म्हणणं होतं की पैसे बुडालेले नाहीत, मग फ्रॉड कशाला म्हणायचं. माझं मत तेव्हाही आणि आताही हेच, की खोटा कागद बनवला तिथे प्रश्न संपतो.

आता पगाराकडे. कंपनीने केलेला कलम १९७ चा, म्हणजे डायरेक्टरांच्या मानधनाच्या मर्यादेचा हिशोब एका ओळीचा होता. टॅक्सच्या आधीचा नफा १४ कोटी ६० लाख, त्यात एमडींचे ७२ लाख परत मिळवले, झाले १५ कोटी ३२ लाख, एकच एमडी म्हणून ५ टक्के, ७६ लाख ६० हजार. दिले ७२ लाख, म्हणजे मर्यादेत. पगार परत मिळवला हे बरोबरच केलं, १९७ साठी नफा काढताना डायरेक्टरांचं मानधन वजा करायचं नसतं. चुकलं ते पुढे, कारण पी अँड एलमधला नफा आणि कलम १९८ चा नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या वर्षी कंपनीने जुनी फॅक्टरी विकली होती, जमीन ६ कोटी ९० लाखांना आणि शेड १ कोटीला. जमिनीची मूळ किंमत ४० लाख, जमिनीवर घसारा नसतो, म्हणून ६ कोटी ५० लाखांचा नफा पूर्ण भांडवली आणि पूर्ण बाहेर काढायचा. शेडचं जरा बारकाईने. मूळ किंमत ९० लाख, लिहून लिहून उरलेली किंमत २५ लाख, म्हणजे नफा ७५ लाख. यात मूळ किंमत आणि डब्ल्यूडीव्ही यातला फरक म्हणजे ६५ लाख हिशोबात घेता येतो, कारण तो मागच्या वर्षांत घसारा म्हणून वजा झालेलाच पैसा परत आला, आणि त्यावरचे फक्त १० लाख बाहेर जातात. म्हणजे एकूण ६ कोटी ६० लाख कमी. दुसरीकडे बुडीत येण्यांची ५० लाखांची प्रोव्हिजन नफ्यातून वजा झालेली होती, १९८ मध्ये खरोखर राइट ऑफ केलेली येणीच वजा होतात, प्रोव्हिजन नाही, म्हणून ते ५० लाख आम्ही कंपनीच्या बाजूने मिळवले. मागच्या वर्षांचा वजा न झालेला तोटा आहे का तेही तपासलं, नव्हता.

मग मानधन म्हणजे नक्की किती? "गेस्ट हाऊस रेंट" नावाच्या खात्यात महिना ५० हजार जात होते. लीव्ह अँड लायसन्सचा करार वाचला तर राहणाऱ्याचं नाव एमडींचं, सोसायटीच्या बिलावरही तेच. वर्षाचे ६ लाख, पर्क्विझिट. आणि त्यानंतर माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दोन्ही भाग एकत्र जोडते. कंपनी कायद्यात रेम्युनरेशनच्या व्याख्येत इन्कम टॅक्स कायद्यातली पर्क्विझिट्स येतात, आणि बिनव्याजी लोन हे तिथे पर्क्विझिट आहे. म्हणजे वर्षभर एमडींनी जे पैसे फुकट वापरले त्याचं व्याज हे त्यांचं मानधनच झालं. महिनाअखेरच्या बॅलन्सवर नियमातल्या दराने हिशोब केला तर ५ लाख ४० हजार. लोनचं वर्किंग पेपर एका फाइलमध्ये आणि रेम्युनरेशनचं दुसऱ्या फाइलमध्ये, दोन वेगळी मुलं बघतायत, असं असलं की हे हमखास निसटतं. आणि त्याच वेळी कंपनी स्वतः कॅश क्रेडिटवर बँकेला व्याज भरत होती, म्हणून कारोच्या क्लॉज (iii) मध्ये या लोनच्या अटी कंपनीच्या हिताला बाधक आहेत असंही आम्ही लिहिलं.

तर हिशोब असा झाला. १४ कोटी ६० लाख, अधिक खर्चात पडलेला पगार आणि भाडं ७८ लाख, अधिक प्रोव्हिजन ५० लाख, वजा ६ कोटी ६० लाख, उरले ९ कोटी २८ लाख. व्याजाचं पर्क्विझिट खर्चात पडलेलंच नव्हतं म्हणून ते इथे मिळवलं नाही. ५ टक्के म्हणजे ४६ लाख ४० हजार. दिलेलं मानधन ७२ अधिक ६ अधिक ५.४, म्हणजे ८३ लाख ४० हजार. जास्तीचे ३७ लाख.

एमडींचं उत्तर तयार होतं आणि ऐकायला दमदार होतं, की नफा अपुरा असेल तर शेड्यूल ५ आहे, आमचं इफेक्टिव्ह कॅपिटल ३८ कोटी, ५ ते १०० कोटींच्या स्लॅबमध्ये वर्षाला ८४ लाख चालतात, आणि मी तर ८३.४ वर आहे. आकडा बरोबर होता, इफेक्टिव्ह कॅपिटल आम्हीही काढून बघितलं, नेमणुकीच्या आधीच्या वर्षअखेरचं म्हणजे ३१ मार्च २०२१ चं. पण ८४ लाखांचा आकडा आपोआप मिळत नाही. त्यासाठी सभासदांचं रेझोल्युशन त्या मानधनासाठीच पाहिजे आणि तेही तीन वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि नोटिशीबरोबर एक स्टेटमेंट जायला हवं ज्यात कंपनीची माहिती, त्या व्यक्तीची माहिती, नफा का अपुरा आहे आणि सुधारण्यासाठी काय करणार हे सगळं असतं. आम्ही २०२१ च्या एजीएमची मिनिट्स आणि सभासदांना प्रत्यक्ष गेलेली नोटीस, दोन्ही वाचली. ऑर्डिनरी रेझोल्युशन, पाच वर्षांसाठी, महिना ६ लाखांपर्यंत पगार, "कलम १९७ च्या मर्यादेच्या अधीन". अपुऱ्या नफ्यात काय द्यायचं याबद्दल एक शब्द नाही, शेड्यूल ५ चं स्टेटमेंट नाही. म्हणजे सभासदांनी ६ लाखांना हो म्हटलं होतं ते मर्यादेच्या आत राहूनच. ५ टक्क्यांच्या वर जायला स्पेशल रेझोल्युशनही चाललं असतं, पण ते पण नव्हतं. म्हणून सांगतो, फक्त मिनिट्समधली एक ओळ बघून "अ‍ॅप्रूव्ह्ड" लिहू नका, रेझोल्युशन कोणतं, किती वर्षांचं, कशाच्या अधीन, आणि नोटिशीत सभासदांना काय सांगितलं होतं, एवढं वाचल्याशिवाय तो टिक खोटा आहे.

अकाउंट्स मॅनेजरनी मग ३७ लाख एमडींच्या अ‍ॅडव्हान्स खात्यात डेबिट टाकायची एंट्री करून आणली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना वाटलं येणं दाखवलं की झालं. पण कलम १९७(९) प्रमाणे जास्तीची रक्कम दोन वर्षांत किंवा कंपनी सांगेल त्याहून कमी मुदतीत परत करायची असते, आणि तोवर ती डायरेक्टरकडे कंपनीची ट्रस्टमधली रक्कम असते. अ‍ॅडव्हान्समध्ये मिसळली की पुढच्या वर्षी कुठले पैसे कशाचे, दोन वर्षं कधीपासून, काहीच सांगता येणार नाही. ती एंट्री रिव्हर्स करून वेगळं खातं उघडलं, नोट्समध्ये वेगळं दाखवलं, आणि १९७(१६) खाली आमच्या रिपोर्टमध्ये रक्कम, मर्यादा आणि परतफेड बाकी आहे हे स्पष्ट लिहिलं. एमडींनी शेवटच्या दिवसापर्यंत विचारलं, "एवढं लिहायलाच पाहिजे का? कंपनी मीच उभी केली." त्या माणसाने खरंच वीस-बावीस वर्षं राबून कंपनी उभी केली होती, ते मी बघितलंय, आणि म्हणून ते ऐकताना वाईट वाटलं. पण ३२ टक्के दुसऱ्यांचे होते.

वसुली माफ करायची असेल तर १९७(१०) मध्ये स्पेशल रेझोल्युशन लागतं, दोन वर्षांच्या आत. कंपनीने ईजीएम बोलावली. त्यात ६८ टक्के मतं बाजूने पडली, विरोधात २४, बाकीचे आले नाहीत. बाजूची मतं विरोधाच्या तिप्पट तरी लागतात, म्हणजे ७२ हवी होती. ठराव पडला. एमडी आता ३७ लाख हप्त्यांनी परत करतायत, ८५ लाखांचं लोन व्याजासकट फिटलं, आणि १८५ च्या भंगासाठी कंपनीने कंपाउंडिंगचा अर्ज केलाय. पुढच्या वर्षाच्या ऑडिटला मी सगळ्यात आधी एप्रिलचं बँक स्टेटमेंट मागवलं.